रिकाम्या गाडीचं वजन

काट्याच्या पावतीवर दोन वजनं असतात आणि दोन वेळा. भंगार न्यायला आलेली गाडी आधी रिकामी काट्यावर चढते, मग आत जाऊन माल भरते आणि बाहेर पडताना पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे विकलेला माल. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी अशा पावत्यांचा गठ्ठा चाळत होतो. एका पावतीवर रिकाम्या गाडीची वेळ होती दुपारी ३ वाजून १२ मिनिटं. भरलेल्या गाडीची वेळही ३ वाजून १२ मिनिटं. सहाचाकी ट्रकमध्ये पाच टन पत्र्याचं कातरण एका मिनिटात भरलं जात नाही. तासभर लागतो, माणसं दमलेली असली तर जास्तच.

मी अंतर्गत ऑडिट करतो. ताळेबंदावर सही करणारे ऑडिटर वेगळे, आम्ही वेगळे. कंपनीनेच आम्हाला नेमलेलं असतं, आपल्या घरातल्या कुठल्या दाराची कडी नीट लागत नाही ते पाहायला. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३८नुसार खाजगी कंपनीची वर्षाची उलाढाल २०० कोटी रुपये झाली, किंवा बँकांचं कर्ज १०० कोटींच्या वर गेलं, की अंतर्गत ऑडिटर नेमावाच लागतो. आम्ही सहा आठवडे स्टोअर, खरेदी, गेट असं फिरतो, जाडजूड अहवाल लिहितो, आणि मग एक दिवस एमडींच्या केबिनमध्ये बसून ते सगळं तोंडी सांगायचं असतं. अर्धा तास ठरलेला असतो, हातात येतात वीस मिनिटं. अहवाल किती जण पूर्ण वाचतात याबद्दल माझा फारसा भ्रम नाही. जे काही बदलतं ते बहुतेक या वीस मिनिटांत बदलतं, म्हणून त्यात काय बोलायचं आणि कुठल्या क्रमाने, यावर मी अहवाल लिहिण्याइतकाच वेळ घालवतो.

त्या पावतीकडे परत येतो. सहा महिन्यांत भंगाराच्या ४८ खेपा झाल्या होत्या. त्यांतल्या २२ पावत्यांवर दोन्ही वेळा एकाच मिनिटाच्या होत्या. कारण काट्याच्या खोलीतल्या संगणकात सापडलं. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये गाडीचा नंबर टाकला की त्या गाडीचं पूर्वी साठवून ठेवलेलं रिकामं वजन आपोआप येण्याची सोय होती. म्हणजे गाडी भरून आली की एकदाच चढवायची, रिकामं वजन संगणक भरतो. आम्ही दोन दिवस काट्यापाशी उभे राहिलो आणि आलेल्या दोन गाड्या खरोखर रिकाम्या चढवायला लावल्या. एकीचं साठवलेलं वजन होतं ६,७२० किलो, काट्यावर भरलं ६,४१०. दुसरी २४० किलोने हलकी निघाली. रिकामी गाडी कागदावर जितकी जड, तितका माल कागदावर कमी. पहिल्या गाडीतून ३१० किलो लोखंड पैसे न मोजता बाहेर जाऊ शकलं असतं. तेव्हा या कातरणाचा भाव किलोला साधारण ३० रुपये होता.

हे घेऊन मी सरळ एमडींकडे गेलो नाही. बैठकीच्या दोन दिवस आधी स्टोअरप्रमुखांच्या खोलीत बसलो, २२ पावत्या टेबलावर पसरल्या. ते पहिल्यांदा चिडलेच. मग एकेक पावती उचलून पाहायला लागले आणि तीन बाजूला काढल्या. त्या दिवसांत वैधमापन खात्याच्या स्टँपिंगसाठी आपला काटा बंद होता, त्या गाड्या रस्त्यापलीकडच्या धर्मकाट्यावर वजन करून आणल्या होत्या, आणि तिथल्या पावत्या फाइलमध्ये टाचलेल्या होत्या. आपल्या संगणकात नुसती नोंद पुरी करायची म्हणून दोन्ही वजनं एकाच वेळी टाकलेली. आम्ही त्या फाइलीपर्यंत पोचलोच नव्हतो. २२चे १९ झाले.

ही चूक एमडींसमोर बाहेर आली असती तर? तीन पावत्या चुकीच्या निघाल्या की उरलेल्या १९ कुणी पाहत नाही. पुढची पंधरा मिनिटं ऑडिटरनेच खुलासे द्यायचे. बैठकीत ज्या माणसाच्या खात्याबद्दल बोलायचं, त्याने आकडे आधी पाहिलेले असावेत आणि ते बरोबर आहेत हे मान्य केलेलं असावं. निष्कर्ष मान्य नसला तरी चालतो, आकडा मान्य हवा. स्टोअरप्रमुखांनी १९ पावत्यांच्या यादीवर सही केली, वर म्हणाले, ‘‘काट्यावर किती गर्दी असते ते पण सांगा.’’ ते मी सांगितलंही.

अहवालात एकूण ३१ मुद्दे होते. त्यांतले किती बोलायचे? मी दोन निवडले. बाकीचे २९ वाईट नव्हते, पण ते खातेप्रमुखांच्या पातळीवर मिटणारे होते: कुठे सही राहिलेली, कुठे बिन कार्डवरचा साठा आणि प्रत्यक्ष माल जुळत नसलेला. एमडींच्या खोलीत तोच मुद्दा न्यावा ज्याचा निर्णय त्या खोलीतच होऊ शकतो. माझी पहिली चाळणी हीच, रकमेची चाळणी त्यानंतरची. या हिशेबाने भंगाराचा मुद्दा वर आला, कारण भंगार उचलणारा ठेकेदार एमडींच्या वडिलांच्या काळापासूनचा होता. स्टोअरप्रमुख, गेटवरचे सुपरवायझर, काट्यावरचा मुलगा, यांच्यापैकी कुणीही त्या माणसाला ‘गाडी परत चढवा’ म्हणायला धजत नव्हतं.

दुसरा मुद्दा रुपयांत मोठा होता. ३१ मार्चला ११ लघुउद्योजक पुरवठादारांचे मिळून ३८ लाख रुपये ४५ दिवसांच्या पुढे थकलेले होते. २०२३च्या वित्त कायद्याने आयकरात बदल झाल्यापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरा. म्हणजे कर आज जास्त भरायचा आणि पुढे वळता करून घ्यायचा. रक्कम मोठी, पण नुकसान तात्पुरतं, आणि फायनान्सप्रमुखांनी यादी करून पैसे सोडायला सुरुवातही केली होती. त्याला मी बैठकीतलं एक मिनिट ठेवलं. ज्याचा आकडा मोठा तोच मुद्दा आधी, असा एक रिवाज आमच्या धंद्यात आहे. तो मला पटत नाही.

आता चांगल्या मुद्द्यांबद्दल. सुरुवातीच्या वर्षांत मला कुणीतरी शिकवलं होतं की आधी गोड बोलावं, मध्ये कडू सांगावं, शेवटी पुन्हा गोड बोलावं. एका कंपनीत मी तसंच केलं. कर्मचाऱ्यांचं सहकार्य, स्वच्छ गोडाऊन, वेळेवर मिळालेली कागदपत्रं अशी सात-आठ मिनिटं स्तुती केली. समोरचे साहेब खुशीत आले, तेवढ्यात त्यांना फोन आला आणि ते उठून गेले. जाता जाता म्हणाले, ‘‘एकंदरीत सगळं ठीक आहे म्हणजे.’’ कडू भाग माझ्या फाइलीतच राहिला. त्याच वर्षी त्या भागातून कंपनीला चांगलाच फटका बसला, आणि ‘ऑडिटने सगळं ठीक आहे असं सांगितलं होतं’ हे वाक्य मला पुढे बरंच ऐकावं लागलं.

म्हणून चांगलं बोलणं सोडून द्यावं, असं मात्र नाही. अंतर्गत ऑडिटच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी फार पूर्वीपासून सांगितलं आहे की जे समाधानकारक आहे त्याचीही नोंद घ्यावी. प्रश्न कुठलं चांगलं सांगायचं हा असतो. सहकार्य आणि स्वच्छता याला पुरावा नसतो, तो पाहुणचाराचा भाग झाला. मोजून पाहिलेलं असेल तेवढंच चांगलं सांगावं, आणि शक्यतो असं चांगलं निवडावं जे पुढच्या वाईटाच्या शेजारी बसेल.

या कारखान्यात तसं एक होतं. आत येणाऱ्या कच्च्या मालाच्या ४० पावत्या आम्ही तपासल्या होत्या. पत्र्याच्या गाड्या, भरून येतात आणि रिकाम्या होऊन जातात. चाळीसच्या चाळीस गाड्या दोनदा चढवलेल्या होत्या, दोन वेळांमध्ये तास-दीड तासाचं अंतर होतं, गेटच्या रजिस्टरशी वेळा जुळत होत्या. काटा तोच, संगणक तोच, काट्यावरचा मुलगाही तोच. बैठकीत मी सुरुवात इथून केली. त्याआधी फक्त एक वाक्य बोललो, ‘‘सर, आज तुमच्याकडून तीन गोष्टींवर हो किंवा नाही हवं आहे, त्या मी शेवटी सांगतो.’’ या वाक्याने ऐकणारा माणूस कान टवकारून बसतो, आणि फोन आलाच तर जाण्यापूर्वी विचारतो, ‘‘त्या तीन गोष्टी कुठल्या?’’

मग आवक मालाच्या ४० पावत्यांबद्दल सांगितलं. एमडींनी स्टोअरप्रमुखांकडे पाहून मान हलवली. ते कौतुक खरं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ पुढचं वाक्य सहज येऊ शकलं, ‘‘याच काट्यावर बाहेर जाणाऱ्या भंगाराच्या ४८पैकी १९ गाड्यांचं रिकामं वजन केलेलंच नाही.’’ गर्दी आहे, माणसं कमी आहेत, काटा जुना आहे, ही सगळी उत्तरं आवक मालाने आधीच देऊन टाकली होती. चांगला मुद्दा तिथे ठेवण्याचं कारण हेच.

लिहिण्याची भाषा आणि बोलण्याची भाषा यांत इथे फार फरक पडतो. अहवालात हाच मुद्दा असा होता: ‘भंगार विक्रीच्या प्रक्रियेत रिकाम्या वाहनाचे प्रत्यक्ष वजन न करता प्रणालीतील पूर्वनोंदित वजन वापरले जात असल्याचे नमुना तपासणीत आढळून आले.’ कागदावर हे वाक्य चुकीचं नाही. पण ते मोठ्याने वाचून पाहा. ‘आढळून आले’पर्यंत पोचेतो ऐकणाऱ्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलेलं असतं. मी पडद्यावर एकच चित्र दाखवलं, ३ वाजून १२ मिनिटांची ती पावती, मोठी केलेली. आणि विचारलं, ‘‘सर, या गाडीत माल किती वेळात भरला असेल?’’ त्यांनी चष्मा लावला, दोन वेळा वाचल्या. पुढचं मला फार समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्याकडे प्रत्येक मुद्द्याचे चार भाग शिकवतात: काय असायला हवं होतं, काय आहे, का तसं झालं, आणि त्याने काय बिघडतं. लिहिताना हा क्रम ठीक आहे. बोलताना मी ‘काय आहे’पासून सुरू करतो, लगेच ‘काय बिघडतं’वर जातो आणि ‘का झालं’ नंतर सांगतो. ‘काय असायला हवं होतं’ हे कारखाना चालवणाऱ्या माणसाला बहुधा माहीत असतं. त्याच्याच नियमावलीतला परिच्छेद त्याला वाचून दाखवणं म्हणजे मास्तरकी.

‘काय बिघडतं’ सांगताना आकडा येतो, आणि आकड्यात घसरायला सगळ्यात सोपं. आमच्यापाशी तीन आकडे होते. डोळ्यांसमोर तोललेल्या दोन गाड्यांतला फरक ५५० किलो, म्हणजे १६,५०० रुपये. सरासरी २७५ किलो धरून तोच फरक १९ खेपांना लावला तर सुमारे १ लाख ५७ हजार. सगळ्या ४८ खेपांना लावला तर जवळजवळ ४ लाख. माझ्याबरोबरच्या तरुण सहकाऱ्याला ४ लाख सांगायचे होते, कारण तो आकडा ऐकायला भारी. पण बाकीच्या २९ खेपांत आम्हाला काही सापडलेलं नव्हतं, त्यांना हा फरक लावायला आधार काय? मी पहिला आकडा ‘मोजलेला’ म्हणून सांगितला, दुसरा ‘दोन गाड्यांवरून बांधलेला अंदाज’ म्हणून, आणि तिसरा सांगितलाच नाही. ऑडिट कसं करावं याच्या मार्गदर्शक मानकात, आयएसओ १९०११मध्ये, समारोपाच्या बैठकीबद्दल एक साधी गोष्ट लिहिली आहे: आम्ही नमुना पाहिला आहे, तो सगळ्याचं चित्र असेलच असं नाही, हे समोरच्यांना सांगा. हे वाक्य बरेच ऑडिटर शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात टाकतात. मी ते आकड्याच्या शेजारीच बोलतो.

एमडींनी अपेक्षित प्रश्न विचारला. ‘‘म्हणजे चोरी होतेय का?’’

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, ‘‘सर, ते आम्हाला माहीत नाही. गाडीचं वजन साठवलं तेव्हा तिला उंच लाकडी फळ्या लावलेल्या असतील आणि नंतर काढल्या असतील, तरी एवढा फरक पडू शकतो. आम्हाला एवढंच दिसलं, की कुणाला चोरी करायची असेल तर अडवणारं इथे काही नाही.’’ चोरी हा शब्द ऑडिटरच्या तोंडून एकदा निघाला की बैठक काट्यावरून उठते आणि माणसांवर जाऊन बसते. कुणी केली, कधीपासून, त्याला काढा, पोलिसांत द्या. तसा संशय असेलच तर त्याची चौकशी वेगळी करावी लागते, वेगळ्या पुराव्यांनी; वीस मिनिटांच्या बैठकीत तिचा निकाल लावता येत नाही. ही साठवलेल्या वजनाची सोयसुद्धा कुणी डाव रचून केलेली नव्हती. रोज येणाऱ्या पुरवठादारांच्या गाड्या लवकर सुटाव्यात म्हणून सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने ती चालू करून दिली होती. आवक बाजूला ती कुणी वापरली नाही, जावक बाजूला वापरली गेली.

थकलेल्या बिलांचा दुसरा मुद्दा ठरल्याप्रमाणे एका मिनिटात संपला. फायनान्सप्रमुखांनीच तो उचलला, ‘‘जूनअखेर सगळे मोकळे करतो,’’ म्हणाले. मी तारीख लिहून घेतली. उरलेल्या २९ मुद्द्यांची यादी टेबलावर ठेवली आणि ती उघडली नाही. लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांचा तक्ताही दाखवला नाही. तो दाखवला की ‘आमचं खातं लाल का’ एवढीच चर्चा होते.

शिफारशींवर मी पाच मिनिटं राखून ठेवली होती. आमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त कागद ज्या वाक्याने वाया गेला असेल ते म्हणजे ‘नियंत्रण अधिक बळकट करावे’. कुणी बळकट करायचं, काय करून, कधीपर्यंत, आणि झालं हे कळणार कसं? ही शिफारस मान्य करायला कुणालाच त्रास होत नाही, म्हणून ती प्रत्येक बैठकीत मान्य होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा लिहिली जाते.

मी तीन मागितल्या. पहिली, येत्या सोमवारपासून भंगाराच्या गाड्यांसाठी साठवलेल्या वजनाची सोय बंद. ती पुन्हा चालू करण्याचा पासवर्ड काट्यावर राहणार नाही, फायनान्सप्रमुखांकडे राहील. दुसरी, रिकामी गाडी काट्यावर असताना ड्रायव्हर आणि हमाल खाली उतरलेले आहेत, गाडीत जादा काही नाही, हे गेटवरचा सुपरवायझर पाहील आणि आपल्या घड्याळाची वेळ पावतीच्या मागे लिहून सही करेल. जबाबदारी सुरक्षाप्रमुखांची, पंधरा दिवसांत सुरू. दोन्ही गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नव्हता. तिसरी, भंगाराचा ठेका तीन ठेकेदारांकडून बंद लिफाफ्यात भाव मागवून द्यावा, आणि हा निर्णय एमडींनी स्वतः जाहीर करावा.

मग गप्प बसलो. हे जमायला मला बरीच वर्षं लागली. शिफारस सांगून झाल्यावर तिचं समर्थन करत राहिलं की समोरच्याला निर्णय न घेता वेळ काढता येतो.

पहिल्या दोन्हींना एमडी लगेच ‘‘हो, करा’’ म्हणाले. तिसरीवर बराच वेळ पेन फिरवत राहिले. ‘‘तो माणूस वडिलांच्या वेळचा आहे. कारखाना बंद पडायची वेळ आली होती तेव्हा त्याने सहा महिन्यांचे पैसे आगाऊ दिले होते. मार्चपर्यंत थांबा.’’ नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. व्यवस्थापनाने जोखीम ओळखून ती पत्करायची ठरवली तर ऑडिटरने भांडत बसू नये, ते ठरलं असं लिहून ठेवावं. मी त्यांच्यासमोरच इतिवृत्तात लिहिलं, ‘तिसरी शिफारस: व्यवस्थापनाने मार्चपर्यंत पुढे ढकलली,’ आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी वाचला, ‘ढकलली’ खोडून ‘मार्चमध्ये विचार करू’ असं लिहिलं आणि खाली सही केली. बैठक चोवीस मिनिटांत संपली. बाहेर पडताना स्टोअरप्रमुख म्हणाले, ‘‘गर्दीचं बोललात, बरं केलंत.’’

महिन्याने मी काट्याच्या नव्या पावत्या मागवल्या. सात खेपा झाल्या होत्या. दोन वजनांमधलं अंतर कुठे ५० मिनिटं, कुठे सव्वा तास. मागच्या बाजूला निळ्या पेनाने लिहिलेल्या वेळा आणि सह्या. एका पावतीवर सही नव्हती, ती मी बाजूला काढली. ज्या गाडीचं वजन सहा महिने न चुकता ६,७२० किलो यायचं, ती या महिन्यात तीनदा आली होती. रिकामं वजन होतं ६,४१०, मग ६,४३०, आणि शेवटच्या खेपेला ६,३९०. डिझेल कमी असेल.